गेम दादाचे, प्रोफाइल धाकटीचं

*आमच्या घरी एकच पीएस५ आहे. मोठ्या मुलाने साठवलेल्या पैशांतून घेतला, गेमही सगळे डिजिटल आणि त्याच्याच अकाउंटवर. दहा वर्षांची धाकटी त्याच्याच प्रोफाइलवर खेळते. मागच्या आठवड्यात तिने एका गेममध्ये नव्याने सुरुवात केली आणि दादाची सेव्ह, म्हणजे तो गेममध्ये जिथवर पोहोचला होता त्याची नोंद, गेली. घरात दोन दिवस अबोला. आता तो इंजिनिअरिंगसाठी पुण्याला हॉस्टेलवर चाललाय, कन्सोल इथेच राहणार. तो म्हणतो, "माझं अकाउंट काढून टाकतो, तिला तिचे गेम घेऊन द्या." एकेक गेम चार-पाच हजारांचा! तिचं वेगळं प्रोफाइल केलं तर सगळं परत विकत घ्यावं लागेल का? आणि त्याचे मोठ्यांचे, मारामारीचे गेम तिने उघडू नयेत, याचं काय करायचं? मला यातलं फारसं कळत नाही.*
*एक आई, नाशिक*

ताई, मुलाला आज एवढंच सांगा, की कन्सोलवरून स्वतःचा यूजर डिलीट करू नकोस. त्याने तो काढला तर त्याच्या सेव्ह फाइल कन्सोलवरून जातील आणि धाकटीला गेम खेळायला मिळण्याची जी सोय आहे, तिचा पायाच निघून जाईल. त्याचं नाव त्या कन्सोलवर राहू द्या. एकही गेम परत विकत घ्यावा लागणार नाही.

गेम कुठे असतो, हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. डिजिटल गेमची खरेदी अकाउंटच्या नावावर होते, म्हणजे तुमच्या घरी ती मुलाच्या नावावर आहे. ती कधीच दुसऱ्या अकाउंटवर टाकता येत नाही, विकता येत नाही, दोन अकाउंट एकत्रही करता येत नाहीत. पण प्रत्येक अकाउंटला एक सवलत असते. कोणताही एक पीएस५ निवडायचा आणि ठरवायचं, की या कन्सोलवर माझे गेम कोणीही आपापल्या प्रोफाइलवरून खेळू शकेल. पीएस४ च्या काळात याला प्रायमरी कन्सोल म्हणायचे आणि अजूनही सगळे तसंच म्हणतात. पीएस५ वर मात्र हा शब्द शोधू नका, सापडणार नाही. तिथे या सेटिंगचं नाव `Console Sharing and Offline Play` असं आहे.

मुलाच्या प्रोफाइलवरून कन्सोल सुरू करा आणि या वाटेने जा:

```
Settings > Users and Accounts > Other > Console Sharing and Offline Play
```

तिथे ते चालू आहे की बंद, हे दिसेल. अकाउंट पहिल्यांदा ज्या पीएस५ वर वापरलं जातं, तिथे ते बहुधा आपोआप चालू झालेलं असतं, त्यामुळे तुमच्याकडेही चालू असण्याची शक्यता जास्त. बंद असेल तर `Enable` करा. हे मुलगा घरी असतानाच उरका. कारण ते त्याच्याच प्रोफाइलमधून करावं लागतं, आणि पासवर्ड विचारला गेला किंवा मोबाइलवर कोड आला तर तो त्याच्याच फोनवर येणार.

आता धाकटीच्या प्रोफाइलकडे वळू. इथे बहुतेक घरांत एक गोंधळ होतो. प्लेस्टेशनवर `Family Management` नावाचा भाग आहे, त्यात आईवडील आणि मुलांची अकाउंट एकमेकांना जोडता येतात. लोकांना वाटतं, फॅमिलीत घेतलं की गेमही वाटले जातात. तसं होत नाही. फॅमिली ही फक्त मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी असते: वय, वेळ, पैसे, अनोळखी लोकांशी बोलणं. गेम वाटले जातात ते वर सांगितलेल्या सेटिंगमुळे. म्हणून मुलगा तुमच्या फॅमिलीत नसला तरी धाकटी त्याचे गेम खेळू शकते, आणि फॅमिलीत असला पण ते सेटिंग बंद असलं तर खेळू शकत नाही.

तरीही फॅमिली करा, कारण तुमचा शेवटचा प्रश्न तिथेच सुटतो. फॅमिलीचा मॅनेजर मात्र मुलगा नको, तुम्ही व्हा. तो हॉस्टेलवर असताना बहिणीने पाठवलेली परवानगीची विनंती लेक्चरमध्ये बसून पाहणार नाही. त्यासाठी तुमचं स्वतःचं मोठ्यांचं अकाउंट उघडावं लागेल. ईमेल आणि खरी जन्मतारीख पुरते. मग तुमच्या प्रोफाइलवरून `Settings > Family and Parental Controls > Family Management` इथे जाऊन धाकटीला जोडा. तिच्यासाठी वेगळा ईमेल लागेल. तिचीही जन्मतारीख खरीच द्या. मूल म्हणून एकदा जोडलेलं अकाउंट मोठं होईपर्यंत फॅमिलीतून सहज बाहेर काढता येत नाही, त्यामुळे इथे चुकीची तारीख पडली तर ती वर्षानुवर्षं छळते. देशही भारतच निवडा. तो नंतर बदलायचा म्हणजे नवं अकाउंट उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.

तिचं अकाउंट जोडताना वयानुसार तयार बंधनं समोर येतील. तिच्या वयाला साजेशी निवडा आणि नंतर प्रत्येक ओळ एकदा उघडून पाहा. वयाची पातळी ठरवली की तिच्या प्रोफाइलवरून त्यापेक्षा मोठ्यांचा गेम उघडणार नाही, मग तो कन्सोलवर असो, दादाचा असो. दादाकडे 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' असेल तर तो मोठ्यांसाठीचा गेम आहे, तो तिच्यासाठी बंद राहील. 'ॲस्ट्रो बॉट' मात्र तिला हसतखेळत चालेल. एखादा गेम पातळीच्या थोडा वर असेल आणि तुम्हाला तो ठीक वाटत असेल, तर सगळी पातळी वाढवू नका. तिला त्या एका गेमसाठी परवानगी मागता येते आणि तुम्हाला तेवढ्यापुरती देता येते.

रोज किती वेळ आणि किती ते किती वाजेपर्यंत खेळायचं, हेही तिथेच ठरतं. वेळ संपल्यावर नुसती सूचना द्यायची की कन्सोलमधून बाहेर काढायचं, असे दोन पर्याय असतात. माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातीला नुसती सूचना ठेवा. दहा वर्षांच्या मुलीला गेमच्या मधोमध बाहेर फेकलं आणि तिची शेवटची पाच-दहा मिनिटं सेव्ह झाली नाहीत, तर त्या रात्री जेवणाच्या ताटावर काय होईल ते तुम्ही जाणता. सूचना आली की जवळच्या सेव्हपर्यंत जाऊन उठायचं, ही सवय लागली तर दुसऱ्या पर्यायाची गरजही पडत नाही.

एवढं करूनही एक दार उघडं राहतं, ते म्हणजे दादाचं प्रोफाइल. धाकटीला कंट्रोलर हातात घेऊन त्याचं चित्र निवडता आलं, तर तिच्या प्रोफाइलवरची सगळी बंधनं निरुपयोगी ठरतात. म्हणून त्याच्या प्रोफाइलवर `Settings > Users and Accounts > Login Settings` इथे दोन कामं करा. कन्सोल सुरू होताच आपोआप त्याचंच प्रोफाइल उघडत असेल, तर ते बंद करा. धाकटी इतके दिवस त्याच्यावर खेळत राहिली त्याचं कारण बहुधा हेच. मग चार आकडी पासकोड लावा. तसाच तुमच्याही प्रोफाइलला लावा. राहता राहिली नवा यूजर बनवण्याची किंवा पाहुणा म्हणून शिरण्याची वाट. ती `Family and Parental Controls` मधल्या `PS5 Console Restrictions` मध्ये बंद होते. तिथे विचारला जाणारा पासकोड बदललेला नसेल तर तो 0000 असतो आणि हे मुलांना आपल्याआधी ठाऊक असतं. तो आधी बदला.

सगळं लागल्यावर नीट तपासून पाहा. दादाला लॉगआउट करा, धाकटीच्या प्रोफाइलवर या, थोडा वेळ वायफाय बंद करा आणि दादाने विकत घेतलेला, पण ऑनलाइनची गरज नसलेला एक गेम उघडा. उघडला तर सेटिंग बरोबर बसलं. गेमच्या चित्रावर कुलूप दिसलं, तर वायफाय चालू करून दादाच्या प्रोफाइलवरून आधी ते सेटिंग पाहा. ते चालू असूनही कुलूप जात नसेल, तर त्याच `Other` मध्ये `Restore Licenses` आहे, ते एकदा चालवा.

धाकटी पहिल्याच दिवशी "आई, माझ्याकडे काहीच नाही" म्हणत येईल, त्याची तयारी ठेवा. ती गेम लायब्ररीत `Your Collection` उघडेल. तिथे फक्त स्वतःच्या नावावरची खरेदी दिसते, म्हणून ते रिकामं असेल. तिने शेजारच्या `Installed` मध्ये पाहायचं. कन्सोलवर उतरवलेले सगळे गेम तिथे असतात. गेम दोनदा डाउनलोडही करावा लागत नाही, एकच प्रत सगळे वापरतात. प्रत्येकाची वेगळी असते ती फक्त सेव्ह आणि ट्रॉफी, आणि त्यांना जागा नगण्य लागते. याचीच दुसरी बाजू तिला समजावून सांगा: तिने जागा करायला एखादा गेम डिलीट केला, तर तो दादासाठीही जातो. सेव्ह राहतात, पण गेम पुन्हा उतरवावा लागतो.

इथेच पैसे वाया जातात, म्हणून थोडं थांबून सांगते. दादाने विकत घेतलेला पण सध्या कन्सोलवर नसलेला एखादा गेम तिला हवा झाला, की ती स्टोअरमध्ये शोधेल आणि तिथे तिला पूर्ण किंमत दिसेल. स्टोअर तिच्या अकाउंटकडे पाहतं, दादाच्या नाही. तो गेम घ्यायचा नाही. तो दादाच्या प्रोफाइलमधून, त्याच्या `Your Collection` मधून उतरवायचा, आणि एकदा उतरला की तिच्या `Installed` मध्ये आपोआप येतो. मुलगा पुण्यात असला तरी अडत नाही. कन्सोल पूर्ण बंद न करता रेस्ट मोडमध्ये ठेवलेला आणि इंटरनेटला जोडलेला असेल, तर तो फोनवरच्या प्लेस्टेशन ॲपमधून घरच्या कन्सोलवर गेम उतरवायला लावू शकतो. तरी जाण्याआधी दोघांनी बसून यादी करावी आणि जागा असेल तितके गेम उतरवून ठेवावेत. सुरुवातीच्या पीएस५ मध्ये ८२५ जीबी लिहिलेलं असलं तरी वापरायला साधारण ६६७ जीबीच मिळतात, आणि मोठे गेम त्यातले शंभरेक जीबी सहज खातात.

आता त्या गेलेल्या सेव्हबद्दल, ज्यावरून अबोला झाला. मुलाकडे प्लेस्टेशन प्लस, म्हणजे पैसे भरून घ्यायची सदस्यता, असेल तर क्लाउडमध्ये त्याची प्रत असू शकते. `Settings` मधल्या `Saved Data and Game/App Settings` इथे क्लाउडमधल्या फाइलची तारीख आणि वेळ पाहा. ती धाकटी खेळली त्याच्या आधीची असेल तर ती कन्सोलवर उतरवून घ्या, गेम परत येईल. पण क्लाउड आपोआप नवी फाइल चढवतं आणि जुनीच्या जागी ठेवतं. त्यामुळे एवढ्या दिवसांनी जुनी मिळण्याची आशा कमी आहे. मुलाला हे आधीच सांगून टाका. प्लस नसेल तर ती सेव्ह गेलीच. पीएस५ च्या गेमच्या सेव्ह पेन ड्राइव्हवर सुट्या काढून ठेवता येत नाहीत. पीएस४ च्या गेमच्या ठेवता येतात.

आणि धाकटीला एक कटू गोष्ट सांगावी लागेल. दादाच्या प्रोफाइलवर तिने जे काही खेळून मिळवलं, ते तिच्या नव्या प्रोफाइलवर येणार नाही. सेव्ह एका यूजरकडून दुसऱ्याकडे हलत नाही. तिने एखादा गेम बराच पुढे नेला असेल आणि तो संपवायचाच असेल, तर दादाच्या संमतीने, त्याने किंवा तुम्ही पासकोड टाकून, तेवढा एक गेम त्याच्यावर पूर्ण करू द्या. बाकी सगळं तिने तिच्या नावाने पहिल्यापासून सुरू करावं. मुलांना याचं वाटतं तितकं वाईट वाटत नाही. आपल्या नावावर पहिली ट्रॉफी आली की जुनं विसरलं जातं.

हॉस्टेलमध्ये मुलाला काय करता येईल? मित्राच्या पीएस५ वर तो स्वतःच्या अकाउंटने आत जाऊन आपले गेम उतरवून खेळू शकतो. तिथे इंटरनेट चालू लागेल, कारण तो कन्सोल त्याच्या नावाने वाटून दिलेला नसेल आणि गेम उघडताना त्याचा हक्क ऑनलाइन तपासला जाईल. इकडे धाकटी त्याच वेळी तोच गेम खेळत असली तरी चालतं. सांभाळायची गोष्ट एकच. मित्राच्या कन्सोलवर `Console Sharing and Offline Play` चालू करायचं का, असा प्रश्न समोर आला तर नाही म्हणायचं. एका अकाउंटला एकच पीएस५ मिळतो. तिकडे चालू झालं की घरचं बंद होतं, आणि धाकटीच्या स्क्रीनवर दादाच्या सगळ्या डिजिटल गेमना एकदम कुलूप लागतं. असं सगळ्यांना एकदम कुलूप दिसलं तर कन्सोल बिघडला असं समजू नका, दादाला फोन लावा. त्याच्याकडून पासकोड घेऊन घरच्या कन्सोलवर त्याच्या प्रोफाइलवरून ते सेटिंग पुन्हा चालू केलं की गेम उघडतात. पुढे त्याने स्वतःचा पीएस५ घेतला तरी शेअरिंग घरीच ठेवायला सांगा. त्याचं नुकसान इतकंच, की हॉस्टेलचं नेट गेलं तर त्याचे डिजिटल गेम तेवढा वेळ उघडणार नाहीत.

प्लेस्टेशन प्लसचं थोडक्यात सांगते. मुलाच्या अकाउंटवर प्लस असेल तर घरच्या कन्सोलवर धाकटीलाही ऑनलाइन खेळता येतं आणि प्लसमधून त्याने घेतलेले गेमही चालतात. क्लाउड मात्र फक्त त्याचं. तिच्या सेव्ह कन्सोलवरच राहतात. आणि त्याने प्लस बंद केलं, की प्लसमधून आलेले गेम दोघांसाठीही बंद होतात. थेट विकत घेतलेल्यांना काही होत नाही. जाण्यापूर्वी कोणते गेम विकतचे आणि कोणते प्लसचे, हे त्याने तिला सांगून ठेवलं तर पुढचा एक रडवेला फोन वाचेल. गेममधले पॉइंट आणि नाणी यांचंही लक्षात असू द्या: ईए स्पोर्ट्स एफसीसारख्या गेममध्ये त्याने घेतलेले पॉइंट त्याचेच, तिच्या प्रोफाइलवर दिसणार नाहीत.

यापुढचे गेम कोणाच्या नावावर घ्यायचे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते आताच ठरवा. मर्यादा अकाउंटला एका कन्सोलची आहे, कन्सोलला एका अकाउंटची नाही. एकाच पीएस५ वर मुलाचंही शेअरिंग चालू असू शकतं आणि तुमचंही. तेव्हा तुमच्या नव्या अकाउंटवरूनही ते सेटिंग चालू करा आणि घरासाठी घ्यायचा गेम तुमच्या नावावर घ्या. मुलाला स्वतःसाठी हवा तो त्याने त्याच्या नावावर घ्यावा. उद्या तो नोकरीला लागून आपलं अकाउंट आणि शेअरिंग आपल्या घरी घेऊन गेला, तर त्याचे गेम त्याच्यासोबत जातील, आणि तो त्याचा हक्क आहे. धाकटीसाठी घेतलेले मात्र तुमच्या नाशिकच्या कन्सोलवर राहतील. डिस्क घेतली तर हा विचारच नको. डिस्क आत असेल तर कोणीही खेळतो, फक्त तुमचा पीएस५ डिस्क ड्राइव्हचा आहे ना, ते आधी पाहा.

धाकटीचा खर्च तुमच्या वॉलेटमधून होईल आणि महिन्याची मर्यादा तुम्ही ठरवाल. ती शून्यावर असेल तर तशीच राहू द्या. तुमच्या अकाउंटवर बँकेचं कार्ड जोडून ठेवू नका, लागेल तेव्हा गिफ्ट कार्डने पैसे भरा. आणि अमेरिकेतली मावशी किंवा दुबईतला काका वाढदिवसाला प्लेस्टेशनचं कार्ड पाठवायचं म्हणाले, तर त्यांना वेळीच सांगा: अमेरिकेचं किंवा दुबईचं कार्ड भारतातल्या अकाउंटवर चालत नाही, भारताचंच लागतं.